सकाळचा तास, रात्रीचा तास

पोळ्यांना बाई लावायची का, यावर घराघरांत होणारी चर्चा बहुतेक वेळा एकाच आकड्याभोवती फिरते. महिन्याचे दोन हजार की अडीच? तेवढे पैसे देण्यासारखे आहेत का, हे ठरवायचं तर दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचं हेही ठरायला हवं, आणि ते कधीच ठरत नाही. मग निर्णय सवयीवर होतो, शेजारणीकडे बघून होतो किंवा सासूबाई काय म्हणतील यावर होतो. त्या दुसऱ्या पारड्यात आपला वेळ असतो आणि त्याचा भाव काढता येतो. तो काढायच्या ज्या रीतीवर आपण पटकन विश्वास ठेवतो, ती मात्र चुकीची आहे. म्हणून हा हिशोब एका घरापुरता नीट मांडून पाहू.

कोथरूडमध्ये राहणारं एक कुटुंब समजा. नवरा, बायको, शाळेत जाणारा मुलगा. दोघंही नोकरी करतात. तिचं ऑफिस कॅम्पात आणि हातात पडणारा पगार ७२,००० रुपये. महिन्याचे बावीस दिवस, रोजचे आठ तास धरले की १७६ तास होतात. भागाकार केला की तासाला ४०९ रुपये. बहुतेक लोक इथे थांबतात आणि म्हणतात, माझा तास चारशेचा, मग शंभर-दीडशेत होणारं कुठलंही काम मी का करू?

हा आकडा दोनदा दुरुस्त करावा लागतो. पहिली दुरुस्ती सोपी आहे. नोकरीसाठी ती रोज आठच तास देत नाही. जेवणाच्या सुट्टीसकट ऑफिसात नऊ तास जातात, जाण्यायेण्यात दोन. म्हणजे महिन्याला २४२ तास. शिवाय प्रवास, बाहेरचा चहा-नाश्ता, ऑफिसचे कपडे असा साधारण ५,२०० रुपयांचा खर्च निव्वळ नोकरीमुळे होतो. तो वजा केला की ६६,८०० उरतात. आता भाव येतो २७६ रुपये. चारशे नऊ म्हणणारा तास बघता बघता एक तृतीयांशाने उतरला.

दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची आहे, कारण तिथे भागाकाराचा उपयोगच संपतो. पगारदार माणसाने सकाळी एक तास वाचवला तर त्या तासाचे २७६ रुपये त्याला कोणी देत नाही. पगार महिन्याचा ठरलेला आहे. ज्यांचा जास्तीचा तास खरोखर विकला जातो, त्यांची गोष्ट वेगळी. दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई तासाला ४०० रुपये घेत असतील आणि त्यांच्याकडे जागा नाही म्हणून मुलं परत जात असतील, तर त्यांचा मोकळा झालेला तास खरंच चारशेचा. तोसुद्धा संध्याकाळचा. सकाळी साडेसहाला शिकवणीला कोणी येणार नसेल, तर त्यांच्याही त्या तासाला हा भाव लागू पडत नाही.

मग पगारदाराने भाव कुठून आणायचा? तो आपल्या वागण्यातून आधीच दिसत असतो, फक्त तो वाचावा लागतो. आपली कोथरूडची बाई एरवी पीएमपीच्या बसने जाते. घरापासून ऑफिसपर्यंत चालणं, थांबणं धरून एक तास आणि वीस रुपये. रिक्षाने अर्धा तास लागतो आणि साधारण १४० रुपये पडतात. सकाळी मस्टर गाठायचं असेल तर ती आठवड्यातून दोनदा तरी रिक्षा करते आणि तिला ते महाग वाटत नाही. म्हणजे अर्ध्या तासासाठी ती १२० रुपये जास्त मोजते, तासाला २४०. संध्याकाळी परत येताना मात्र ती कधीच रिक्षा करत नाही. रस्ता तोच, वाचणारा वेळही तोच. पण बसमध्ये खिडकीपाशी बसून ती आईशी फोनवर बोलते, गाणी ऐकते, नाहीतर डुलकी काढते. तो वेळ विकत घेऊन वाचवावा असं तिला वाटत नाही.

एकाच माणसाचा तास एकाच दिवसात दोन भावांचा असतो. सगळा हिशोब यावरच उभा आहे आणि पगाराच्या भागाकारात नेमकं हेच बुडतं. तुम्हालाही आपला भाव शोधायचा असेल तर मागच्या महिन्यात वेळ वाचवण्यासाठी तुम्ही कुठे कुठे पैसे दिले आणि कुठे देता येत असूनही दिले नाहीत, याच्या दोन-चार नोंदी काढा. दिवसाची वेळही लिहा. देणं आणि न देणं यांच्या मधे कुठेतरी तुमचा भाव असतो.

आता पोळ्या. तिघांच्या डब्यांच्या आणि सकाळच्या जेवणाच्या मिळून पंधरा पोळ्या होतात. कणीक भिजवणं, मळणं, लाटणं, भाजणं, नंतर ओटा आणि पोळपाट आवरणं यात तिची पन्नास मिनिटं जातात. बाई लावली तर ही सगळी पन्नास मिनिटं सुटत नाहीत. दार उघडायचं, पीठ-तेल काढून ठेवायचं, आज किती हव्यात ते सांगायचं, पाहुणे असतील तर आदल्या दिवशी निरोप द्यायचा, यात दहा मिनिटं जातात. नव्या बाई असतील तर पहिले पंधरा दिवस जास्तच, कारण पोळी किती पातळ, घडीची की फुलका, तेल किती, हे जमेपर्यंत शेजारी उभं राहावं लागतं. या निगराणीचा वेळ हिशोबात न धरणं ही सगळ्यात नेहमीची चूक. तर निव्वळ चाळीस मिनिटं वाचली. महिन्यात चार खाडे धरून सव्वीस दिवस, म्हणजे १७ तास २० मिनिटं.

पगार २,२०० ठरला असं धरू. दिवाळीला एक पगार जास्तीचा द्यायचा असतो, तोही वर्षभरात वाटून धरला की महिन्याला साधारण २,३८३ रुपये पडतात. भागाकार केला की वाचलेला तास १३८ रुपयांना पडला.

दुसरा पर्याय पोळी-भाजी केंद्राचा. दहा रुपयांना एक पोळी, पंधराचे दीडशे. घरचं साडेचारशे ग्रॅम पीठ, शिवाय तेल आणि गॅस वाचला, ते पस्तीस रुपये वजा. निव्वळ ११५ रुपये रोज, सव्वीस दिवसांचे २,९९०. आणायला जाण्यायेण्याची पंधरा मिनिटं गेली की पस्तीस मिनिटं वाचतात, महिन्याला पंधरा तास दहा मिनिटं. तास पडला १९७ रुपयांना. बाईंपेक्षा महाग. पण तिथे खाडा नसतो आणि रोजची बांधीलकीही नसते. बाई गावाला गेल्या की त्या आठवड्यापुरता हा मार्ग अगदी योग्य.

दोन्ही आकडे २४० च्या आत आहेत आणि हा तास सकाळचा आहे, म्हणून उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. पण त्याच्या शेजारी इस्त्री ठेवून बघा. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कपड्याला दहा रुपये घेतो. घरी एका कपड्याला पाच मिनिटं लागतात, म्हणजे तासाला बारा कपडे, १२० रुपये. विजेचे पाच-दहा रुपये सुटतात. हा तास पोळ्यांच्या तासापेक्षाही स्वस्त पडतो आणि इस्त्रीवाल्यावर देखरेख काहीच लागत नाही. नुसत्या आकड्याने ठरवायचं तर इस्त्री आधी बाहेर द्यायला हवी.

माझं मत उलट आहे. पोळ्यांची वेळ सरकवता येत नाही. ती पन्नास मिनिटं सकाळी साडेसहा ते साडेसातमध्येच यायला हवीत, त्याच वेळात मुलाला उठवायचं असतं, पाणी आलेलं असतं, भाजी फोडणीला पडलेली असते. तव्यापुढून हलता येत नाही. इस्त्री रात्री नऊला होते, रविवारी दुपारी होते, टीव्ही बघत होते, मुलाचे पाढे म्हणून घेत होते. आज नाही झाली तर उद्या होते. आणि ती कोणालाही करता येते. कुटुंबातल्या ज्याला पोळ्या लाटता येत नाहीत तोही शर्टाला इस्त्री करू शकतो. तिने सोडलेला इस्त्रीचा तास फार तर २० किंवा ४० रुपयांचा आराम देतो, कारण त्या तासात ती नाहीतरी दुसरंही काही करतच होती. पोळ्यांचा तास सुटला की सकाळ हलकी होते. म्हणून काम बाहेर द्यायचं की नाही हे ठरवताना भावाच्या आधी तीन गोष्टी बघाव्यात: ते ठरलेल्या घटकेलाच करावं लागतं का, ते करताना दुसरं काही करता येतं का, आणि घरात ते फक्त एकाच माणसाला येतं का.

देखरेखीचा मुद्दा दिवाळीआधीच्या साफसफाईत सगळ्यात ठळक दिसतो. दोन बेडरूमच्या घराच्या पूर्ण सफाईला समजा ४,००० रुपये सांगितले. तीन माणसं पाच तास काम करतात. स्वतः केलं तर दहा तास जातात. पण ती माणसं घरात असताना पाचही तास कोणालातरी थांबावं लागतं, कपाटं रिकामी करून द्यावी लागतात, कुठलं पुसायचं आणि कुठलं घासायचं ते सांगावं लागतं. खऱ्या अर्थाने पाचच तास वाचले, तास ८०० रुपयांना पडला. सबंध घर देण्यात म्हणून फारसा फायदा नाही. पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, स्वयंपाकघरातली चिमणी एवढंच दिलं तर बात वेगळी, कारण तिथे वेळापेक्षा शिडीवर चढायचं बळ आणि चिकट थर काढायची हातोटी विकत घेतो. कंबर दुखणाऱ्या माणसाने हा हिशोब तासांत करूच नये.

प्राप्तिकराच्या विवरणपत्राचंही असंच. ज्याला फक्त पगार आणि बँकेचं व्याज आहे, त्याची बरीचशी माहिती पोर्टलवर आधीच भरलेली येते. फॉर्म १६ शी ती ताडून बघायची आणि पाठवायचं. हजार रुपये देऊन कोणाकडून करून घेतलं, तरी कागद गोळा करणं, बँकेचे आकडे काढणं हे आपल्यालाच करावं लागतं, आणि वेळ तिथेच जातो. शेअर विकले असतील, घर विकलं असेल, तर मात्र सल्लागाराचे पैसे द्यावेत, कारण तिथे आपण वेळ वाचवत नसून चूक टाळत असतो.

घरातल्या वेळाला असा भाव लावायची पद्धत अर्थशास्त्रात नवीन नाही. मार्गारेट रीड यांनी १९३४ साली घरकामावरच्या पुस्तकात एक साधी कसोटी दिली. जे काम पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येईल, ते उत्पादक काम, मग ते घरात कोणी फुकट करत असलं तरी. गॅरी बेकर यांनी १९६५ च्या एका लेखात पुढे दाखवलं की जेवणाची किंमत म्हणजे नुसत्या धान्या-भाजीची किंमत नव्हे, त्यात रांधणाऱ्याचा वेळही धरायला हवा. पुढे १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे वाचायला सोपं आहे. घरात मात्र हा वेळ कोणाचा धरायचा, हा प्रश्न उभा राहतो.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, घरच्यांसाठीचं बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जात होती, तर ते काम करणाऱ्या पुरुषांची ८८. म्हणजे जवळजवळ पाच तास आणि दीड तास. म्हणूनच बाई लावायचा विषय निघाला की बाईंचा पगार हिच्या पगारातून वजा होतो. ‘तुझ्या नोकरीपायी एवढा खर्च होतोय’ हे वाक्य ज्यांनी ऐकलं नाही अशा नोकरदार स्त्रिया फार थोड्या असतील. पोळ्या तिघं खातात, त्या लाटण्याचं ओझं एकीच्या नावावर लिहिलं जातं. खर्च घरखर्चात लिहायला हवा, किराणा आणि वीजबिलाच्या शेजारी. ही मला हिशोबाची मूळ बाब वाटते. ती दुरुस्त झाली नाही तर पुढचा कुठलाही भागाकार उपयोगाचा नाही.

जी स्त्री नोकरी करत नाही तिचा तास तर शून्यच धरला जातो. ‘तू घरीच तर असतेस.’ अपघाताच्या नुकसानभरपाईचे खटले चालताना न्यायालयांना हा शून्य बाजूला ठेवावा लागला. १९८९ मध्ये जमशेदपूरला टिस्कोच्या समारंभात लागलेल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं. रोजचे पाच तास धरले तर तासाला वीस रुपये. २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी वेळ-वापर पाहणीचे आकडे पुढे ठेवून, गृहिणीचं मानीव उत्पन्न धरणं म्हणजे तिच्या श्रमाला मान्यता देणं आहे, अशी भूमिका घेतली. पण घरात हा भाव काढायला अपघाताची वाट बघायची गरज नाही. पन्नास मिनिटांच्या पोळ्या बाहेरून करून घ्यायला तासाला १३८ ते १९७ रुपये पडतात, हे आपण वर काढलंच आहे. गृहिणीच्या त्या तासाची तेवढी किंमत तर आहेच.

या हिशोबाला आणखी एक बाजू आहे, आणि ती म्हणजे पोळ्या लाटणाऱ्या बाईंचा तास. आपल्याला तो १३८ ला पडतो, पण त्यांना तो तेवढ्याला मिळत नाही. सकाळी सहा ते बारा अशी पाच-सहा घरं करताना मधलं चालणं, जिने, कोणाचं दार उशिरा उघडणं, हा त्यांचा वेळ बिनपैशाचा जातो. सणाला आपल्याला सुट्टी असते तेव्हा त्यांच्याकडे काम दुप्पट असतं. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला तो पगार आणि सुट्ट्यांसाठीच, आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ मध्ये झाला. भरपगारी खाडे आणि दिवाळीचा पगार आपण वर हिशोबात धरले, ते औदार्य म्हणून नव्हे. ती या कामाची किंमतच आहे.

एवढं सगळं करूनही वाचलेला तास हातात राहील याची खात्री नसते. व्हँकूव्हरमध्ये ॲशली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांनी नोकरी करणाऱ्या साठ जणांना दोन शनिवार-रविवारी चाळीस-चाळीस डॉलर दिले. एकदा वेळ वाचवण्यावर खर्च करायचे, एकदा वस्तूवर. वेळ विकत घेतलेल्या दिवशी लोक जास्त खुशीत होते. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच अभ्यासात, असे चाळीस डॉलर अचानक मिळाले तर काय कराल असं विचारलं, तेव्हा वेळ विकत घेऊ म्हणणारे दोनच टक्के निघाले. आपल्याकडचा अडथळा थोडा वेगळा असतो. सुटलेली चाळीस मिनिटं लगेच दुसऱ्या कामाने भरतात. पोळ्या गेल्या म्हणून डब्यात दुसरी भाजी येते, कोशिंबीर येते, आणि ती स्वयंपाकघरातच राहते. हे घडतंय का, ते ओळखायला एक आठवडा पुरतो. सुटलेल्या वेळात काय झालं ते रोज कॅलेंडरवर दोन शब्दांत लिहायचं. झोप, चालणं, मुलाचा अभ्यास, निवांत चहा असं काही दिसलं तर पैसे कामी आले. ‘दुसरी भाजी’ असंच लिहिलेलं दिसलं, तर बाई लावून घराला जास्त पदार्थ मिळाले, तिला वेळ मिळाला नाही.

क्रेडिट कार्डाची थकबाकी डोक्यावर असेल तर हा विचार थोडा पुढे ढकलावा. वर्षाला तीस-चाळीस टक्क्यांनी वाढणारं व्याज आधी थांबवलं पाहिजे.

कोथरूडच्या घराने शेवटी पोळ्यांना बाई लावल्या. इस्त्री त्याच्याकडे गेली, रात्री बातम्या बघताना. सफाईत फक्त पंखे आणि चिमणी बाहेर दिली, विवरणपत्र घरीच भरलं. सहा महिन्यांनी बाईंनी तीनशे रुपये वाढवून मागितले. नेहमीची घासाघीस सुरू होणार, तेवढ्यात तिने वही काढली. २,५०० पगार आणि दिवाळीचा हिस्सा धरून महिन्याला २,७०८ रुपये, म्हणजे तास १५६ रुपयांना. तिचा सकाळचा भाव २४०. त्या भावाने पगार ३,८४० होईपर्यंत हे काम बाहेर देणं तिला परवडणार होतं. तीनशे रुपये तिने त्याच महिन्यापासून वाढवून दिले.